फ्रीजपासून दंडापर्यंत

आमच्या जिल्ह्यातल्या पुरस्काराच्या कार्यक्रमाला तुम्ही कधी बसला असाल, तर सत्काराला उत्तर देणाऱ्याचं भाषण कसं जातं ते तुम्हाला पाठ असेल. पहिलं मिनिट व्यासपीठावरच्यांची नावं आणि पदं घेण्यात जातं. दुसऱ्या मिनिटाला ‘हा पुरस्कार माझा एकटीचा नसून’ हे वाक्य येतं. मग वरिष्ठ, सहकारी, आईवडील, सासरची मंडळी, ज्ञात-अज्ञात हितचिंतक, आणि ‘पुनश्च एकदा आभार’. टाळ्या होतात. बोलणारी खाली उतरते आणि तिनं नेमकं काय काम केलं होतं, हे सभागृहाला शेवटपर्यंत कळत नाही.

मी सोनाळा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भागात आरोग्यसेविका म्हणून काम करते. सोनाळा म्हणजे संग्रामपूर तालुक्यातलं सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. बाहेरच्या लोकांना ते संत सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळे नाहीतर अंबाबरवा अभयारण्यामुळे माहीत असतं. आमच्या लेखी ते लशीच्या वाटेवरचं शेवटचं फ्रीज असलेलं गाव. तिथून पुढे डोंगराकडच्या वस्त्यांना लस जाते ती बर्फाच्या डब्यातून.

परिचारिका दिन 12 मे रोजी असतो, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस. त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या कार्यक्रमात मला लसीकरणाच्या कामासाठी पुरस्कार जाहीर झाला. दोन दिवसांनी फोन आला, ‘सिस्टर, पुरस्कार मिळालेल्यांपैकी दोघींनी मनोगत व्यक्त करायचं आहे. तुमचं नाव दिलंय. तीन मिनिटं. वर नको, उन्हाचे दिवस आहेत.’

इंजेक्शन देताना माझा हात थरथरत नाही; माइकचं मात्र सांगता येत नव्हतं. म्हणून आधी कागद घेऊन बसले. सरकारी नोकरीत लिहिणं म्हणजे अहवाल, आणि अहवालाची भाषा लगेच हाताशी येते. ‘सदर कार्यक्षेत्रात नियमित लसीकरण सत्रांचे आयोजन करून उद्दिष्टपूर्ती करण्यात आली.’ हे वाक्य कागदावर बरं दिसत होतं. मोठ्यानं म्हटलं तेव्हा ‘उद्दिष्टपूर्ती’वर जीभ अडखळली. शिवाय त्या वाक्यात माणूसच नव्हता. ‘करण्यात आली’ म्हणजे कुणी केली?

म्हणून मी नावांची यादी केली. वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सहायिका, फार्मासिस्ट, आरोग्यसेवक, आशाताई, गटप्रवर्तक, अंगणवाडी सेविका, मदतनीस, लस पोहोचवणारे भाऊ, ड्रायव्हर, सरपंच, पोलीस पाटील. पान भरलं तरी यादी संपेना. आमच्या एका आशाताईंना ती दाखवली. त्यांनी वरून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘सिस्टर, नावं घ्याल त कोनाचं तरी सुटीनच. मंग थो मानूस वर्षभर तोंड फुगवून बसते. अन् ज्याईचं घेतलं त्याईलेबी काय समजनार, आपल्याले कायले धन्यवाद देल्ले?’

दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा मोठा होता. यादीत सगळे सारखेच दिसतात. सरपंचांनी एकदा खुर्च्या दिल्या आणि आशाताई वर्षभर पायी फिरल्या, तरी दोघांच्या वाट्याला एकेकच नाव येतं. ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं तर ती नुसती हजेरी.

वाट सापडली ती कामातूनच. एका सत्राच्या दिवशी डब्याची वाट बघत अंगणवाडीत बसले होते. तेव्हा लक्षात आलं की मला कुणाला क्रमानं लावायची गरजच नाही, लस स्वतःच माणसांना क्रमानं भेटत जाते. ती सकाळी फ्रीजमधून निघते, दुपारपर्यंत बाळाच्या दंडात जाते आणि उरलेली संध्याकाळी परत येते. त्या वाटेवर ती ज्या ज्या हातांतून जाते, ते माझं आभाराचं भाषण. पद मोठं की लहान हा प्रश्नच उरत नाही. पाठांतरही नको, कारण ही वाट मला झोपेतही सांगता येते.

ती वाट इथे जरा सावकाश सांगते, कारण भाषणात ती फार थोडक्यात आली.

आरोग्य केंद्रात लस आयएलआर नावाच्या फ्रीजमध्ये असते. आतलं तापमान 2 ते 8 अंशांच्या मध्ये राहायला हवं आणि सकाळ-संध्याकाळ ते वहीत लिहावं लागतं, सुटीच्या दिवशीसुद्धा. शेजारच्या डीप फ्रीजरमध्ये आइसपॅक गोठवलेले असतात. सत्राच्या दिवशी असे चार आइसपॅक डब्याच्या चार बाजूंना लावतात आणि मधल्या जागेत कुप्या ठेवतात. ऐकायला हे दोन मिनिटांचं काम वाटतं. पण फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक तसाच डब्यात टाकला, तर शेजारची लस गोठते. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी या लशी उन्हानं जितक्या बिघडतात तितक्याच गोठल्यानंही बिघडतात. गोठून पुन्हा वितळलेली कुपी वरवर तशीच दिसते. ती हलवून ठेवली तर गाळ लवकर खाली बसतो, त्यावरून शंका घेता येते. उष्णतेसाठी कुपीवर रंग बदलणारी खूण असते. आतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की कुपी बाद. गोठल्याचं मात्र ती खूण काहीच सांगत नाही.

म्हणून आइसपॅक आधी बाहेर काढून ठेवायचे, त्यांच्या अंगाला पाणी सुटू द्यायचं आणि कानाशी धरून हलवायचे. आत पाणी डचमळल्याचा आवाज आला की ते डब्यात जायला तयार. मे महिन्यात हे लवकर होतं, डिसेंबरात बराच वेळ लागतो. घाई करून उपयोग नसतो. आमचे फार्मासिस्ट भाऊ थंडीच्या दिवसांत त्यासाठी लवकर येतात. बाहेर मोटारसायकल चालू असते, ‘झालं का, झालं का’ चालू असतं आणि हे एक एक आइसपॅक कानाशी धरून उभे. एखाद्या बाळाला खरी लस मिळाली की नुसतं पाणी टोचलं गेलं, हे त्या आवाजावर ठरतं. ते कोणत्याही अहवालात दिसत नाही.

डबा पुढे जातो तो लस पोहोचवणाऱ्या भावांबरोबर. ते पक्के नोकरदार नाहीत, फेरीमागे भत्ता मिळतो. त्यांच्यामुळे मला लस आणायला केंद्रात जावं लागत नाही; मी थेट वस्तीवर पोचते आणि सत्र वेळेवर सुरू होतं. पावसाळ्यातली एक फेरी मला भाषणात घ्यायची होती. डोंगराकडच्या एका वस्तीच्या अलीकडे नाला आहे. त्या दिवशी वर पाऊस झाला आणि नाला भरून आला. भाऊ अलीकडच्या काठावर एका झाडाखाली डबा घेऊन बसून राहिले. त्यांनी एक गोष्ट केली नाही: डबा उघडून बघितला नाही. झाकण नीट बंद असलं तर चार आइसपॅकवर डब्यातली लस दिवसभर आरामात टिकते. दर वेळी उघडून ‘गार आहे ना’ बघत राहिलं तर टिकत नाही. पाणी उतरल्यावर त्यांनी मोटारसायकल तिथंच ठेवली आणि डबा खांद्यावर घेऊन ते चालत आले.

इकडे वस्तीवर आशाताईंच्या ड्यू लिस्टमध्ये नऊ महिने पूर्ण झालेली तीन बाळं होती, गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसची. दोन आली. तिसऱ्याची आई बाळाला पाठीशी बांधून निंदायला गेलेली. गोवर-रुबेलाची लस पावडरच्या रूपात असते. ती द्रावणात मिसळली की घड्याळ सुरू होतं: चार तासांत वापरायची, नाहीतर टाकून द्यायची, आणि सत्र आधी संपलं तर तेव्हाच टाकायची. इतर काही लशींची उघडलेली कुपी नियम पाळून पुढच्या सत्राला वापरता येते, हिची नाही. एकच बाळ असलं तरी कुपी उघडायची, हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. लस वाया गेलेली परवडते, बाळ राहिलेलं परवडत नाही. मी मिसळल्याची वेळ कुपीवर लिहिली आणि आशाताई बांधाबांधानं निघाल्या. बरोबर वस्तीवरची एक आजी होती.

ही आजी आमच्या कोणत्याच कागदावर नाही. घरात कोरकू बोलणारी, मराठी चांगली समजणारी. बाळाच्या आईला भीती अशी होती की मागच्या इंजेक्शननंतर बाळ तापलं, रात्रभर रडलं. आता पुन्हा कशाला? मी मराठीत सांगितलेलं तिला कळलं नसतं असं नाही. पण कळणं आणि पटणं यात अंतर असतं. आजीनं शेताच्या बांधावर बसून तिच्या भाषेत काय सांगितलं ते आशाताईंनाही पुरतं कळलं नाही. आई उठली, हातपाय धुतले आणि बाळाला घेऊन आली. डोस वेळेत झाला. त्यानंतर अर्धा तास तिथं थांबायचं असतं. तेवढ्यात अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनी तिच्यासाठी चहा ठेवला, आणि ताप आला तर काय करायचं, पुढची लस केव्हा, कार्ड सांभाळून का ठेवायचं, हे चहा पिता पिता सांगून झालं.

भाषणाचं सगळं सामान या एका दिवसात होतं. आता त्याला तीन मिनिटांत बसवायचं होतं.

घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं तेव्हा समजलं की मी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलते. म्हणजे साडेतीनशेच्या आसपास शब्द, आणि त्यातच टाळ्यांसाठी, श्वासासाठी थांबणं. पहिला खर्डा याच्या दुप्पट होता. काय काढायचं यावर घरी आणि केंद्रात बरीच चर्चा झाली.

आमच्या डॉक्टर साहेबांना इतिहासाची आवड. त्यांनी एक गोष्ट सुचवली होती. 1796 मध्ये एडवर्ड जेनर यांनी देवीची लस शोधली, पण ती भारतात आणायची कशी? बर्फ नव्हता, फ्रीज नव्हतं. मग एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडाला, असं दंडादंडानं ती बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईला पोचली, आणि 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली. भारतात लस घेतलेली पहिली व्यक्ती म्हणून तिचं नाव आहे. तिच्या दंडावरून ती लस पुढे देशभर गेली. तिच्या आधी कुणाकुणाच्या दंडावरून ती आली, ते सहसा कुणी सांगत नाही. गोष्ट सुंदर आहे आणि माझ्या विषयाला अगदी चपखल. तरी काढली. ती नीट सांगायला एक मिनिट लागतं, आणि सभागृह 1802 मध्ये जाऊन बसलं की त्याला नाल्याकाठच्या भावांपर्यंत परत आणायला माझ्याकडे वेळ उरत नव्हता.

आकडेही काढले. किती टक्के लसीकरण झालं ते निवड समितीला माहीत होतं, म्हणून तर बोलावलं होतं.

‘मी काहीच केलं नाही, सगळं यांनीच केलं’ हे वाक्यही काढलं. ते नम्र वाटतं, पण खरं नाही आणि निवडणाऱ्यांचा त्यात थोडा अपमानही आहे. काहीच केलं नसेल तर दिला कशाला? आपला वाटा एका वाक्यात, न लाजता सांगावा आणि पुढे जावं.

सगळ्यात जास्त वेळ त्या आजीच्या वाक्यावर गेला. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं की वस्तीवरचे लोक लसीला घाबरतात आणि आम्ही त्यांची समजूत काढतो. भाषणात हे सोपं जातं, लोक माना डोलावतात. पण मग वस्ती अडाणी ठरते आणि मी शहाणी. घडलं होतं वेगळंच. एका आईला रास्त शंका होती आणि तिच्याच शेजारच्या बाईनं ती सोडवली. आभार मानताना ज्यांचे मानायचे त्यांनाच खाली बसवायचं नाही, एवढं ठरवलं आणि वाक्य बदललं.

ज्यांचा उल्लेख करायचा त्यांना आधी विचारलं. लस पोहोचवणारे भाऊ संकोचले, ‘ताई, मी काय केलं? डबा नेला, डबा आनला.’ नाल्याची गोष्ट सांगू का म्हटल्यावर हसले, हो म्हणाले, पण अट घातली: ‘पुरातून आलो असं नका सांगू. घरी बायको रागवीन. पानी उतरल्यावरच आलो मी.’ ही अट भाषणाच्या फार कामी आली. पुरातून जीव धोक्यात घालून आलेला माणूस सगळ्यांनी ऐकलेला असतो. डबा न उघडता झाडाखाली बसून राहिलेला कुणी ऐकलेला नसतो, आणि लस वाचवायला तोच लागतो.

आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, नाव नको. म्हणून ‘एक आजी’ एवढंच ठेवलं.

सोनाळ्याहून बुलडाण्याला जायचं म्हणजे वरवट बकाल, शेगाव, खामगाव करत शेवटी घाट चढायचा. आम्ही भाड्याची गाडी केली होती. गाडीत मी भाषण म्हणून दाखवायचं आणि आशाताई, अंगणवाडी सेविका जिथे कंटाळतील तिथे खूण करायची, असं ठरलं. खामगाव येईपर्यंत आणखी चार वाक्यं गेली. ‘शीतसाखळी’ गेली, तिथं ‘डबा’ आला. ‘लाभार्थी’ गेले, तिथं ‘बाळ’ आलं. कागद मात्र बरोबर ठेवला. त्यावर पूर्ण वाक्यं नव्हती, मोठ्या अक्षरात फक्त वाट होती: घर, फ्रीज, कान, नाला, बांध, आजी, चहा. नजर चुकली तरी पुढचा टप्पा कुठला ते एका शब्दावरून कळत होतं.

व्यासपीठावरच्या मान्यवरांचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. सूत्रसंचालकांनी त्या सगळ्यांची नावं आधीच दोनदा घेतली होती. मी त्यांच्याकडे वळून नमस्कार केला आणि एका वाक्यात सगळ्यांना घेतलं. कुणी रागावलं नाही.

बोलले ते असं. सभागृहात मी नावं घेतली होती. इथे ती काढून कामाची ओळख तेवढी ठेवली आहे.

‘नमस्कार. व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, आणि समोर बसलेल्या माझ्या बहिणींनो, भावांनो.

माझ्या कामाची निवड केलीत, मनापासून आभार. मला आनंद झालाय आणि तो मी लपवत नाही. घरी फोन करून सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पहिलं विचारलं, “त्या दिवशी सत्र तर नाही ना?” आमच्या घरात वारांची नावं सत्रावरून ठरतात. ते सांभाळून घेणाऱ्या घराला पहिला नमस्कार.

मी सोनाळ्याहून आले. आमच्या वस्तीवरच्या एका बाळाला लस मिळते, तेव्हा तिच्या आधी काय काय होतं, तेवढंच सांगते.

सकाळी आमचे फार्मासिस्ट भाऊ फ्रीजरमधून आइसपॅक काढतात आणि कानाशी धरून हलवतात. आत पाणी वाजलं तरच तो डब्यात. कितीही घाई असू द्या. लस गोठत नाही ती त्यांच्या कानामुळे.

मग डबा निघतो मोटारसायकलवर. गेल्या पावसाळ्यात वाटेत नाला भरला. डबा नेणारे भाऊ पाणी उतरेपर्यंत झाडाखाली बसले, आणि तेवढ्या वेळात त्यांनी झाकण एकदाही उघडलं नाही. मग डबा खांद्यावर घेऊन चालत आले. आज ते इथे नाहीत. आज सत्र आहे, ते डबा घेऊन गेलेत.

वस्तीवर आमच्या आशाताई. यादीत तीन बाळं होती, आली दोन. तिसरं आईबरोबर शेतात. ताई बांधाबांधानं गेल्या. बाळाच्या आईला शंका होती, मागच्या वेळी ताप आला होता, आता काय? शंका बरोबर होती. तिचं उत्तर दिलं वस्तीवरच्याच एका आजीनं, त्यांच्या कोरकू भाषेत. आजीनं काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. पण आई बाळ घेऊन आली.

लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. त्या अर्ध्या तासाचा चहा अंगणवाडीच्या मदतनीस ताईंचा. त्या चहावरच आईला पुढची तारीख पाठ झाली.

आणि हे सगळं ज्या डॉक्टर साहेबांच्या आणि आरोग्य सहायिका ताईंच्या नियोजनात बसतं, ते दोघं समोर बसले आहेत. वस्ती लांब आहे म्हणून सत्र रद्द करू, असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

या वाटेवर सुई तेवढी माझ्या हातात असते. ती नीट द्यायची जबाबदारी माझी आहे, आणि तेवढ्यासाठी हा पुरस्कार मी आनंदानं घेते. बाकीची वाट या सगळ्यांची आहे.

आज माझ्याबरोबर ज्या बहिणींना पुरस्कार मिळाला, त्यांच्या प्रत्येकीची अशीच एक वाट असणार. त्या सगळ्यांचं अभिनंदन. धन्यवाद.’

आशाताईंनी मोबाइलवर वेळ लावली होती. तीन मिनिटं आणि थोडं वर. भाऊ आज सत्रावर आहेत, या वाक्याला टाळ्या आल्या. मी तिथं थांबायचं ठरवलं नव्हतं, पण थांबावं लागलं. बोलताना ‘आमच्याकडं’, ‘मंग’ असे दोन-चार शब्द निसटले. ते मी आवरायचा प्रयत्न केला नाही. घाटाखालचे अर्धे लोक तसंच बोलतात.

नंतर जेवणाच्या रांगेत पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यातली एक आरोग्यसेविका भेटली. तिलाही लवकरच एका कार्यक्रमात बोलायचं होतं. म्हणाली, ‘ताई, तुमचं भाषण व्हॉट्सॲप करा ना, नावं बदलून घेते.’ मी पाठवलं नाही. तिला विचारलं, तुझं काम कशातलं? पाण्याचं, म्हणाली. खाऱ्या पाण्याचं गाव, पावसाळ्यात हगवणीची साथ यायची, ती थांबली. मग साथ थांबवायला पहिला हात कुणाचा लागतो? तिनं जरा विचार केला. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक. सकाळी टीसीएल पावडर कालवून टाकीत टाकतात, डोळे चुरचुरतात, वासानं डोकं धरतं. त्यांच्यानंतर? आरोग्यसेवक, गावातल्या शेवटच्या नळाचं पाणी घेऊन ओटी टेस्ट करतात; पिवळा रंग आला तर क्लोरीन तिथपर्यंत पोचलं. शेवटच्या नळावर कोण राहतं? एक म्हातारी, ती रंग नाही आला तर स्वतःच निरोप पाठवते.

ताट हातात धरून ती बोलत राहिली आणि रांग पुढे सरकली. ‘हेच बोल,’ मी म्हटलं, ‘टीसीएलच्या गोणीपासून सुरू कर आणि शेवटच्या नळाशी थांब.’ तिनं विचारलं, मग मान्यवरांची नावं? ती सूत्रसंचालक घेतात, म्हटलं.